चाकांसकट एकशे पंधरा

निपाणीचं घर विकायचं ठरलं तेव्हाच आईनं दिल्लीला जायचं हेही ठरलं. दोन्ही गोष्टी माझ्या धाकट्या भावानं एकाच फोनवर सांगितल्या. घराच्या कागदावर सही करायला तो येणार होता आणि परत जाताना आईला विमानानं बरोबर नेणार होता. तो दिल्लीच्या बाजूला एका मोठ्या कंपनीत इंजिनिअर आहे, पंधराव्या मजल्यावर राहतो. मी बेळगावात सरकारी कचेरीत कामाला आहे. लग्न केलं नाही. आई पायरीवरून पडली तेव्हापासून ती निपाणी सोडून माझ्याकडंच होती, पण माझ्या घरात ती कधी मांडी घालून बसली नाही. पाहुण्यासारखी खाटेच्या कडेला बसायची. मुलीकडं किती दिवस राहायचं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"आक्का, एक काम कर," भाऊ म्हणाला. "तिची ती जुनी सुटकेस नको. केबिनमध्ये चालेल अशी बॅग घे. तिकीट फक्त हातातल्या बॅगेचं आहे, सामान काउंटरवर देऊन आत टाकायचं नाही. तिकडं पट्ट्यावर बॅगेची वाट बघत तिला उभं करायला नको."

"केबिनमध्ये चालेल म्हणजे केवढी?"

"लांबी, रुंदी, उंची. तिन्ही मिळवायची. बेरीज एकशे पंधरा सेंटीमीटरच्या आत पाहिजे. आणि वजन सात किलो."

आई शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "काय म्हनाला?"

मी सांगितलं. तिनं ते दोनदा वदवून घेतलं. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. पण तिनं उभं आयुष्य विड्या वळण्यात घातलं, आणि विड्यांचे कट्टे मोजून देणाऱ्या बाईला बेरीज सांगावी लागत नाही. "तिन्ही बाजू मिळून एकशे पंधरा," ती म्हणाली. "मंजे लांब आसली तर आरुंद पाहिजे."

"तसंच काही नाही गं. प्रत्येक बाजूलाही त्यांचं एक माप असतं. एक फारच लांब करून चालत नाही."

तिची जुनी सुटकेस मी तरीही मोजली, तिच्या समाधानासाठी. ब्लाउज शिवायची टेप घेतली, सेंटीमीटरची बाजू वर केली. अडुसष्ट, सेहेचाळीस आणि वीस. एकशे चौतीस झाले. आई बघत होती. माझ्या तोंडून आकडा निघायच्या आधीच तिनं सुटकेसचं झाकण लावून घेतलं.

रविवारी आम्ही दोघी खडेबाजारात गेलो. बॅगांच्या दुकानात बाहेरच्या बाजूला साखळीनं बांधलेल्या बॅगांची रांग होती, मोठीपासून लहानपर्यंत. दुकानदार ओळखीतले नव्हते, पण बोलणं गोड. त्यांनी एक निळी बॅग पुढं ओढली. "ही घ्या मॅडम. वीस इंची. विमानात सगळे हीच नेतात."

बॅगेच्या आत कागद चिकटवलेला होता. त्यावर पन्नास, पस्तीस, चोवीस असे आकडे होते. मी मनात मिळवले, एकशे नऊ. आईला म्हटलं, "भरपूर जागा शिल्लक आहे. हिच्यापेक्षा जरा मोठी पण चालेल."

दुकानदारांनी मान हलवली. "मॅडम, ते माप चाकं धरून नसतंय. डब्याचं माप हाय ते. विमानतळावर चाकं, वरची मूठ, सगळं धरतात."

माझ्याकडं पर्समध्ये टेप होतीच. बॅग उभी केली, जमिनीपासून वरच्या मुठीपर्यंत धरली. पंचावन्न. रुंदी पस्तीस. जाडी चोवीस. बेरीज एकशे चौदा. आईनं टेपचं दुसरं टोक जमिनीला बोटानं दाबून धरलं होतं.

"एक कमीच हाय," ती म्हणाली.

"हां, आत बसते."

मग दुकानदारांनी बॅगेच्या कडेनं फिरणारी एक चेन दाखवली. ती उघडली की बॅग पाच सेंटीमीटर जाड होते, सामान जास्त मावतं. "ही मात्र जाताना बंद ठेवा," ते म्हणाले. "उघडली की मापाच्या भायेर गेली."

आईनं त्या चेनवर हात फिरवला. रिक्षात बॅग तिनं मांडीवर घेतली. मी खाली ठेव म्हटलं तरी ठेवली नाही.

पुढचे काही दिवस ती बॅग भरत होती आणि रिकामी करत होती. मला आधी त्यात गंमत वाटली. मग मी नीट बघितलं तेव्हा गंमत गेली. एकशे चौदा सेंटीमीटरच्या बॅगेत पाच साड्या बसतात. झंपर, परकर, एक शाल, औषधं, चष्मा, तेलाची बाटली नाही कारण ती नेऊ देत नाहीत. आठवडाभर पाहुणचाराला निघालेल्या माणसाचं सामान होतं ते. आणि आई कायमची निघाली होती. निपाणीची भांडी शेजारणींना दिली होती. खाट, कपाट, दळणाचे डबे, सगळं वाटून झालं होतं. मी भावाला फोन करून विचारलं, "तिचं बाकीचं सामान मागनं पाठवू का?"

"बघू," तो म्हणाला. "इथं सगळं आहे. काय लागणार तिला?"

तिला काय लागणार ते मला माहीत होतं. आमच्या निपाणीच्या घरात बुद्धाची एक मूर्ती होती. प्लास्टरची, पांढरी, वीतभरापेक्षा जरा उंच. वडिलांनी पत्र्याच्या जागी कौलं घातली त्या वर्षी आणलेली. वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते. मूर्ती आणली तेव्हा त्यांनी ती रस्ताभर छातीशी धरून आणली होती, गाडीत ठेवली नाही. रोज सकाळी आई तिच्यापुढं मेणबत्ती लावून वंदना म्हणायची. ती म्हणताना कुणी मधे बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आम्ही दोघं भावंडं त्याच मूर्तीखाली अभ्यास करून शिकलो. माझ्या घरी आली तेव्हा मूर्ती बरोबर आणली होती. माझ्या कपाटावर होती ती.

भाऊ सहीसाठी आला. निपाणीत रजिस्ट्रार कचेरीत आईचा अंगठा नाही, सही झाली. तिला सही येते याचा तिला अभिमान. सही करून झाल्यावर तिनं विचारलं, "आता किल्ली कुनाला देऊ?" घेणारा माणूस तिथंच उभा होता. तिनं किल्ली त्याच्या हातात दिली आणि पदराला हात पुसले.

संध्याकाळी माझ्या घरी जेवताना तिनं कपाटाकडं बोट दाखवून भावाला म्हटलं, "ह्येला बी न्यायचं हाय."

भाऊ भाकरी मोडत होता. "प्लास्टरची आहे आई. फुटेल. नंतर बघू आपण."

"फुटत न्हाय. मी धरते."

"नंतर," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. त्यानं ताटात बघतच म्हटलं.

मला एक आठवलं ते इथंच सांगते. वडील गेल्यावर आई एकदा त्याच्याकडं जाऊन आली होती, रेल्वेनं. परत आल्यावर ती सांगत होती की तिथं लिफ्टमध्ये शेजारची बाई भेटली, हिनं सवयीनं हात जोडून तिला 'जय भीम' म्हटलं. ती बाई नुसती हसली. घरात आल्यावर भावानं तिला सांगितलं, "आई, इथं नमस्ते म्हण." आईनं हे मला तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. तिकडची रीत म्हणून सांगितलं होतं, तिकडं चहात आलं जास्त घालतात तसं. मला मात्र कळलं होतं. त्याच्या दारावरच्या पाटीवर आमचं आडनाव नाही. नुसतं त्याचं आणि वहिनीचं नाव आहे. तिथं त्याला कुणी काही विचारत नाही आणि तो काही सांगत नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी रिक्षा आणायला चौकात गेले. परत आले तेव्हा आई बॅग लावून दारात बसली होती. बॅग मला जरा फुगल्यासारखी वाटली, पण उशीर होत होता. वजन आदल्या दिवशीच बघून ठेवलं होतं, मी काट्यावर बॅग घेऊन उभी राहिले आणि मग बॅगेशिवाय. सहा किलोच्या आत होतं. म्हणून पुन्हा बघितलं नाही.

बेळगावच्या, सांबऱ्याच्या विमानतळावर तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मी काचेच्या दारापाशी थांबले. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला, बोटं मोडली नाहीत, कारण तिच्या बोटांना आता ते होत नाही. भाऊ लॅपटॉपची पाठीवरची बॅग लावून पुढं झाला. दारातल्या जवानानं दोघांची तिकिटं आणि ओळखपत्रं बघितली. आई आत गेली तेव्हा तिनं मागं वळून बघितलं नाही. ती बॅग स्वतःच ओढत होती. तिला ती चाकं आवडली होती.

मी लगेच निघाले नाही. आतलं अर्धंमुर्धं दिसत होतं. काउंटरपाशी दोघं उभी होती. काउंटरच्या बाजूला लोखंडी सांगाडा ठेवलेला असतो, बॅग त्यात उतरली की माप बरोबर. काउंटरवरच्या मुलीनं आईची बॅग त्यात घालून बघितली. ती अर्ध्यावर अडकली. तिनं बॅग फिरवून बघितली. परत अडकली. मग आई तिला काहीतरी सांगायला लागली, तीन बोटं दाखवून. नंतर कळलं, ती सांगत होती, आम्ही मोजून आणलंय, पंचावन, पस्तीस, चोवीस.

थोड्या वेळानं भावाचा फोन आला. "आक्का, गेलीस का? दाराशी ये. बॅग बसत नाही."

तिघं दारापर्यंत आली, आई, भाऊ आणि काउंटरवरची मुलगी. मी बाहेर, ती आत, मधे जवान. मुलगी त्याच्याशी कन्नडमधून बोलली, एक वस्तू बाहेर द्यायची आहे म्हणून. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "मॅडम, आजींच्या बॅगेची जाडीची चेन उघडलेली आहे. त्यामुळं माप वाढलंय. आत एक मूर्ती आहे, ती काढली की चेन लागते."

मी आईकडं बघितलं. ती बॅगेकडं बघत होती.

"कधी घातलीस?"

"तू रिक्षा आनायला गेल्तीस तवा," ती म्हणाली. "शालीत गुंडाळली हाय. चेन लागंना म्हनून उघडली. पाचच वाढतंय म्हनलं."

पाचच वाढलं होतं. चोवीसचे एकोणतीस झाले. बेरीज एकशे एकोणीस.

"बॅग आत टाकली तर?" मी विचारलं.

"तिकिटात नाही, पण करता येईल," मुलगी म्हणाली. "पण मूर्ती प्लास्टरची आहे. खालच्या सामानात फुटली तर आम्ही जबाबदारी घेत नाही."

आईनं मान हलवली. ते तिला चालणार नव्हतं.

मग त्या मुलीनंच मार्ग सांगितला. तिला घाई होती, मागं लोक होते, तरी तिनं सांगितलं. "सर, तुमच्याकडं लॅपटॉपची बॅग आहे ना. मोठी आहे. मूर्ती त्यात बसेल. नाहीतर आजींच्या खांद्याच्या पिशवीत. ती पिशवी मापात धरत नाहीत. तपासणीत फक्त बाहेर काढून दाखवावी लागेल."

आईनं भावाकडं बघितलं. मीही बघितलं. त्याच्या पाठीवरची बॅग अर्धी रिकामी होती, सकाळी मीच त्यात त्याचा शर्ट घडी करून घातला होता. त्यानं खांद्यावरचा पट्टा ओढून घेतला. मागं रांगेत एक सूटमधला माणूस उभा होता, त्याच्याकडं भावाची नजर गेली. ओळखीचा नव्हता. विमानतळावर भावाला ओळखणारं कुणीच नव्हतं.

"आई, मूर्ती आक्काकडं दे," तो म्हणाला. "मी नंतर कुरियरनं मागवतो."

"माझ्या पिशवीत घालते की," आई म्हणाली. "ती म्हनते बसंल."

"तपासणीत सगळ्यांसमोर काढायची, परत गुंडाळायची. उतरल्यावर गाडीत, सोसायटीत... नको. आत्ता नको. ऐक ना."

मी दाराबाहेर गुडघ्यावर बसले, बॅग जवानानं माझ्याकडं सरकवली. मूर्ती काढली, बाजूला ठेवली, कपडे दाबले आणि चेन ओढली. लगेच लागली. परत एकशे चौदा. दोन मिनिटांचंसुद्धा काम नव्हतं. मी बॅग उभी करून आत ढकलली.

आईनं ती धरली नाही.

"तू जा," ती भावाला म्हणाली. "मी नंतर येते. ह्येला कायतरी बसंल आशी बॅग बघते, मग येते."

मला वाटलं तो आता तिचा हात धरेल. तो म्हणेल, चल, आण इकडं ती मूर्ती. इतकंच म्हणायचं होतं. मुलगी त्याच्याकडं बघत होती, जवान बघत होता. त्यानं घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. पुढच्या महिन्यात बघू."

आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मी ते बघितलं. आईनं बघितलं की नाही मला माहीत नाही. ती बाहेर येत होती, उंबऱ्याच्या पट्टीवर पाय नीट पडतो का ते बघत होती.

मुलीनं कुठल्यातरी वहीत काहीतरी लिहून घेतलं. भाऊ आईच्या पाया पडला, माझ्याही पडला. मग गेला. रिक्षात आईनं मूर्ती शालीसकट मांडीवर धरली आणि बॅग मी धरली. रस्त्यात ती एकदाच बोलली.

"चेन उघडाय नगं व्हती मी."

"तसं नाही गं."

"न्हाय, चुकलंच. चार सेंटीमीटर जास्त झालं."

घरी येऊन तिनं टेप मागितली. चेन उघडून मला मोजायला लावलं, मग बंद करून मोजायला लावलं. एकोणीस आणि चौदा. मूर्तीही मोजली. तिला खात्री करून घ्यायची होती की खांद्याच्या पिशवीत मूर्ती बसते. बसत होती. तिनं पिशवी खांद्याला लावून घरात दोन फेऱ्या मारल्या.

त्यानंतर गल्लीत जो भेटेल त्याला ती सांगायची, "बॅग बसली न्हाय म्हनून र्‍हायले. पुढच्या महिन्यात जायचं हाय." शेजारच्या मावशींना तिनं बॅगेचं सगळं गणित समजावून सांगितलं, चाकं धरायची, मूठ धरायची, आतल्या कागदावर जायचं नाही. त्यांचा मुलगा नोकरीसाठी विमानानं जाणार होता. त्यांनी बॅग घेताना आईला बरोबर नेलं. आई खूश होऊन आली. "त्येंची एकशे अकरा भरली," म्हणाली.

पुढचा महिना गेला. भाऊ रविवारी फोन करायचा. आई प्रत्येक वेळी सांगायची, "आता बॅग बरोबर हाय बाळा. मूर्ती पिशवीत घालून आनते."

"हो का? छान," तो म्हणायचा. "इथं आता थंडी फार आहे. तुला सोसणार नाही. थंडी कमी होऊ दे."

थंडी कमी झाली. मग त्याच्या मुलीची परीक्षा आली. मग वहिनीचे आईवडील राहायला आले, घरात जागा नव्हती. ह्यातलं काही खोटं नव्हतं. परीक्षा खरंच होती आणि ते लोकही खरंच आले होते. बॅग माझ्या हॉलमध्ये भिंतीला टेकून उभी होती, भरलेली. आई त्यातलीच साडी काढायची, धुऊन, वाळवून, घडी करून परत त्यातच ठेवायची. कपाटात तिच्यासाठी मी एक कप्पा रिकामा केला होता. तो रिकामाच होता.

मग एका रविवारी, मी चहा करत होते, तिनं फोनवर त्याला सांगितलेलं मला ऐकू आलं.

"मूर्ती ठिवून येते मी. आक्काकडंच र्‍हाऊ दे. मी नमस्ते म्हनंन."

मी गॅस बंद केला. पलीकडून तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. आई "बरं, बरं" म्हणत होती. फोन ठेवून तिनं मला सांगितलं, "बघू म्हनला."

दुसऱ्या दिवशी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी बाहेर येऊन त्याला फोन केला. भांडायचंच असं ठरवून केला होता. म्हटलं, "तिनं मूर्ती सोडली. आता काय अडचण आहे तुझी? बॅग मापात आहे, ती मापात आहे. अजून काय कमी करू?"

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"इथं कुणाला माहीत नाही. इतकी वर्षं झाली. तिला बघितलं, तिचं बोलणं ऐकलं की लोक विचारणार, गाव कुठलं, वडील काय करत होते. मुलगी आता मोठी झाली, तिच्या मैत्रिणी येतात. मला रोज उठून ते नको आहे. मी वाईट आहे म्हण. मला माहीत आहे."

"म्हणजे अडचण मूर्तीची नव्हतीच तर," मी म्हणाले.

"मूर्ती होती म्हणून त्या दिवशी मी सुटलो," तो म्हणाला. रडत होता. "ती बॅग बसली असती तर मी तिला घेऊन आलो असतो. मग काय केलं असतं मला माहीत नाही."

मला भांडता आलं नाही. माझ्याच कचेरीत मी पहिली काही वर्षं जेवणाचा डबा एकटीनं खाल्लेला आहे. तो कशातून पळाला ते मला ठाऊक होतं. त्यानं पळताना तिला मागं टाकलं, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "तब्येत सांभाळ," आणि ठेवला.

संध्याकाळी घरी गेले तर आईनं तोंड बघूनच ओळखलं. "त्येला फोन केल्तास?"

"हो."

"काय म्हनाला?"

रस्ताभर मी काय सांगायचं ते जुळवत आले होते आणि काही जुळलं नव्हतं. तोंडातून निघालं ते हे. "त्यांचं विमान आता लहान झालंय म्हणे. बॅग अजून लहान लागते."

"किती?"

"एकशे आठ."

तसं असतं, लहान विमानांना. पण त्याच्या विमानाला नव्हतं, आणि त्यानं तसं काही म्हटलं नव्हतं. आई माझ्याकडं बघत राहिली. तिचे डोळे आता अधू झालेत, तरी तिनं बराच वेळ बघितलं. मला वाटलं ती टेप मागेल. तिनं मागितली नाही.

"एकशे आठात काय मावतंय," ती म्हणाली. "र्‍हाऊ दे मग."

ती उठून मोरीत गेली, हातपाय धुतले. मी स्वयंपाकाला लागले. नंतर तिनं विचारलं की उद्या पाणी येणार आहे का. मी येणार म्हटलं. जेवण झाल्यावर ती खाटेच्या कडेला बसली, रोज बसते तशी, पाय खाली सोडून.

रविवारी फोन वाजला तेव्हा ती म्हणाली, "तूच बोल. माझं तोंड दुखतंय." त्यानंतरच्या रविवारीही तिचं काहीतरी दुखत होतं. भाऊ विचारतो, आई कशी आहे. मी बरी आहे म्हणते. ती शेजारी बसून ऐकते.